माझी म्हैस सुकट खात नाय

रोह्याला आमच्या मेसमध्ये देवापेक्षा मोठं एक नाक होतं. मेस चालवणाऱ्या काकूंच्या भावाचं. आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो. मामा आधी पेणला दूध गोळा करायच्या केंद्रावर होता. गावागावातून कॅन यायचे, मामा झाकण उघडायचा, नाक लावायचा आणि ठरवायचा, हे आत, हे परत. आंबायला लागलेलं दूध तो असा पकडायचा की गवळी हात जोडायचे. हे मी त्याच्याच तोंडून ऐकलेलं, पण खोटं नव्हतं. पेणला माझ्या घरीही त्याच्या नाकाची ख्याती पोचली होती. पुढे केंद्र बंद पडलं, मामा बहिणीकडे रोह्याला आला, आणि नाक घेऊन आला.

मी पेणचा. आयटीआय केलं आणि धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिकाऊ लागलो. राहायला रोह्याच्या एका गल्लीत खोली, जेवायला त्याच गल्लीत काकूंची मेस. काम सोपं होतं, वास अवघड होता. कंपनीत एक गोडसर, डोक्यात बसणारा सॉल्व्हंटचा वास असायचा. पहिले काही दिवस उलटी येईल असं वाटायचं, नंतर तो यायचाच बंद झाला. वास तिथेच होता, आमची नाकं मेली होती. शिफ्ट संपवून बसमध्ये चढलो की बाकीचे लोक नाकाला रुमाल लावायचे आणि आम्ही एकमेकांना विचारायचो, कुणाचा वास येतोय रे?

म्हणून मेसमध्ये आमच्या मताला शून्य किंमत. एखादा बोललाच, "काकू, आमटी आंबट लागतेय," तर काकू म्हणायच्या, "कंपनीत नाक जाळून येता नि माझ्या आमटीला नावं ठेवता? मामानं वास घेतलाय."

मामानं वास घेतलाय म्हणजे विषय संपला.

मला नकला येतात. शाळेत मास्तरांच्या करायचो, कंपनीत सुपरवायझरच्या. मामाची नक्कल माझी सगळ्यात गाजलेली. आधी लुंगीला हात पुसायचा. मग झाकण थोडंच तिरकं करायचं, सगळं उघडायचं नाही, कारण "पयला वास खरा, मागनं नाक फसवतं." मग डोळे मिटायचे, एक नाकपुडी वर, एक खाली, आणि छातीभर ओढायचं. मग बराच वेळ गप्प. पोरं मरायला टेकली की मग खर्जात बोलायचं, "बरं हाय." किंवा मग, "गटारात घाल."

ही नक्कल मी काकूंच्या समोर केली ते चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. सकाळची पाळी होती, पोरं फोडणीच्या भाताची वाट बघत बसली होती आणि मामा आतून पातेलं घेऊन आला. रात्रीचा उरलेला भात होता तो. मेसमध्ये भात मोठ्या पातेल्यात व्हायचा. संध्याकाळी शिजवायचा, नि उशिरा येणाऱ्यांना गरम मिळावा म्हणून झाकण लावून गोणपाटात गुंडाळून चुलीच्या बाजूला ठेवायचा. उरला तर तिथेच सकाळपर्यंत. फ्रिज होता, सेकंडहँड, पण पातेलं त्यात मावायचं नाही आणि गरम काही ठेवलं की काकू ओरडायच्या, "फ्रिज खराब करता काय?"

मामानं गोणपाट सोडलं, झाकण तिरकं केलं, वास घेतला. भात अजून कोमट होता. मीही मागे उभा राहून झाकण तिरकं केल्यासारखा हात केला, नाकपुडी वर केली, आणि पोरं फुटली. 'जित्याचा' म्हणून हाक मारायचो असा एक होता आमच्यात, माझ्याच खोलीत राहायचा, तो तर भिंतीवर डोकं आपटून हसला.

"बरं हाय," मामा म्हणाला.

"बरं हाय," मी म्हणालो. अगदी तसंच.

काकू मागेच उभ्या होत्या, हातात झारा घेऊन. "बरं हाय काय? माझ्या भावाची टिंगल करतोस? माझ्या घरात, माझ्या ताटात? तुला आज नाश्ता नाय. चहा घे नि फूट. याला भात वाढायचा नाय कुणी, सांगून ठेवते!"

"अहो काकू, गंमत..."

"गंमत पेणला कर. तुझ्या आयशीसमोर कर."

भात मिळाला नाही. पोरांनी माझ्या समोर मुद्दाम मोठमोठे घास घेतले. जित्याचा तर, "आहाहा, काय लसूण लागलाय!" असं म्हणत माझ्या नाकाखाली ताट फिरवत होता. मला चहा मिळाला. तो तोंडाला लावला तर त्याला काहीतरी वेगळाच वास. खारट, माशासारखा.

"काकू, चहाला वास येतोय."

मामानं कप माझ्या हातातून घेतला, नाक लावलं आणि पहिल्यांदाच आमचं मत जुळलं. "दूध वास मारतंय," तो म्हणाला. "पण फाटलं कसं नाय?" कपाळाला आठी घालून आत गेला. मला भूक लागली होती. मी तो कप प्यालो, आणि दुसरा मागून घेतला. काकूंनी दिला, कारण तो चहा बाकी कुणी पीत नव्हतं. जित्याच्याला तर चहा-दूध चालायचंच नाही, लहानपणापासून.

बस पकडून धाटावला गेलो. हातातलं काम जेमतेम सुरू झालं होतं नि जित्याचा मशीनच्या मागे ओकायला लागला. पाठोपाठ दुसरा. मग आमच्याच मेसचा वेल्डर. सुपरवायझर बघून पांढरा पडला आणि ओरडला, "गॅस! गॅस!" अख्खी शेड रिकामी केली. आम्हाला वाऱ्याच्या उलट दिशेला उभं केलं, तोंडाला ओले रुमाल. मी तिथे ठणठणीत उभा होतो आणि ज्यांना काही झालं नव्हतं ते सगळे स्वतःचा श्वास मोजत होते. गॅस कुठेच नव्हता.

दवाखान्यातल्या डॉक्टरला आमच्याबद्दल काही प्रेम नव्हतं. आम्ही त्याच्याकडे सुट्टीसाठीच जातो असं त्याचं मत होतं, आणि ते बरोबर होतं. पण त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी काय खाल्लं?"

"फोडणीचा भात."

"रात्रीचा भात? कुठं ठेवलेला?"

सांगितलं. गोणपाट, चुलीच्या बाजूला, सकाळी कोमट.

"मग तोच." तो लिहीत लिहीतच बोलला. "भात असा उबेत ठेवला की त्यात विष तयार होतं. वास नाही, चव नाही. आणि फोडणी द्या, तळा, उकळा, ते विष जात नाही. ओकून झालं की संध्याकाळपर्यंत बरे व्हाल. पाणी प्या, मीठ-साखर घालून. आणि तू? तू का बरा आहेस?"

"मला भात दिला नाही. मी फक्त चहा घेतला. वासाच्या दुधाचा."

"नशीब तुझं," तो म्हणाला. "पुढचा."

दुपारी कंपनीनं सगळ्यांना घरी पाठवलं. गल्लीत बातमी आमच्या आधी पोचली होती. पोरं मेसच्या ओट्यावर आडवी, तोंडावर पाणी, आणि काकू मधोमध उभ्या. त्यांनी सगळं आधीच ठरवून टाकलं होतं.

"दुधानं केलं! त्या बाईच्या दुधानं! मामानं सकाळीच सांगितलेलं वास मारतंय म्हणून. आज येऊ दे तिला. या गल्लीत तिचा एक थेंब उतरू देणार नाय मी."

ती बाई म्हणजे आमची दूधवाली. खांब गावाच्या बाजूनं यायची, डोक्यावर कॅन, कमरेला मापं. सकाळी एक फेरी, दुपार कलली की दुसरी. गल्लीतल्या जवळपास सगळ्या घरांत तिचा रतीब होता. म्हशी तिच्या, चारा तिचा, शेण तिचं, आणि जीभही तिचीच. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं हे गल्लीला माहीत होतं. काकू एका दिवसात गल्ली तिच्यावर उलटवू शकत होत्या. मेस म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. शेजारणी दारात उभ्या राहून ऐकतच होत्या, आणि एक तर म्हणालीही, "आम्ही पण बंद करतो बाई. लहान पोरं हायत घरात."

मी म्हणालो, "काकू, दूध नाय, भात. डॉक्टरनं सांगितलं."

"काय सांगितलं?"

आणि इथे माझी जीभ घसरली. डॉक्टरचं वाक्य मला डॉक्टरच्याच आवाजात आलं. नाकातून, वर न बघता, लिहिता लिहिता. "मग तोच. वास नाही, चव नाही. पुढचा."

दारातल्या दोघीतिघी हसल्या. ओट्यावरचा वेल्डर पोट धरून कण्हत होता, तोही हसला आणि मग पुन्हा ओकला.

"बघा!" काकू म्हणाल्या. "नकला करतोय. पोरं मरायला टेकलीत नि हा खेळ करतोय. कोण डॉक्टर, काय डॉक्टर, सगळं याच्या पोटातलं. भाताला वास होता काय? सांग ना. होता?"

"नव्हता."

"झालं तर!"

"पण तोच तर मुद्दा आहे काकू. जित्याच्याला विचारा. हा चहा-दूध घेत नाय. हाच सगळ्यात जास्त ओकलाय. मी दोन कप वासाचा चहा प्यालो, मी उभा आहे."

"तू लोखंडाचा," काकू म्हणाल्या. "नि तो काय चोरून दूध पीत नसेल कशावरून?"

जित्याचा आडवा पडल्या पडल्याच म्हणाला, "काकू, मी मरतोय हो. चोर तरी नका म्हणू."

आणि तेवढ्यात ती आली. गल्लीच्या तोंडाशी कॅन घेऊन थांबली. सगळ्यांची तोंडं बघूनच तिला कळलं असावं. कॅन उतरवला, पदर खोचला.

"काय गो, काय झालं? कोण गेलं काय?"

"अजून नाय गेलं," काकू म्हणाल्या. "तुझ्या दुधानं जाणार होती. पोरं ओकतायत बघ सकाळपासनं. खराब दूध घालतेस, वर तोंड करून येतेस?"

"माझं दूध?"

"तुझंच. वास मारत होतं. माझ्या भावानं वास घेतलाय. जन्म गेला त्याचा दुधाच्या वासात."

दूधवाली मामाकडे वळली. मामा खांबाला टेकून बसला होता. सकाळी तो काही खात नसे आणि दुपारचं जेवण भांडणाच्या नादात राहून गेलं होतं. "व्हय रं बाबा? वास मारत होतं?"

"मारत होतं," मामा म्हणाला.

"आंबूस?"

मामानं लुंगीला हात पुसला. लबाडी करता आली असती त्याला. त्यानं केली नाही, नाकाची शपथ असल्यासारखा बोलला. "आंबूस नाय. दुसराच काय तरी."

"उरलंय काय त्यातलं?"

उरलं होतं. फ्रिजमधून पातेलं आलं. दूधवालीनं नाक खाली केलं, एकदाच. मग तशीच उठून आत फ्रिजपर्यंत गेली. काकू मागून, "आत कुठं चाललीस गो?" करत धावल्या. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक वाटी होती, उघडी, झाकण नसलेली. सुकटीची चटणी. त्या खणात दुधाचं पातेलंही उघडंच असायचं, दोन्ही एकमेकाला चिकटून.

"सुकट," ती म्हणाली. "सुकटीचा वास लागलाय दुधाला. रातभर उघडं ठेवलंस सुकटीच्या मांडीला मांडी लावून. दूध वास ओढतंय, एवढं म्हायत नाय? म्हैस काय सुकट खाते? माझी म्हैस सुकट खात नाय गो!"

गल्ली खदखदली. काकूंचं तोंड लाल झालं. "वास तो वास! वास मारला म्हणजे खराब."

"आण स्टोव्ह."

"काय?"

"स्टोव्ह आण ओट्यावर. तापवते तुझ्यासमोर. खराब असलं तर फाटंल. फाटलं तर उद्यापासनं या गल्लीत पाय टाकणार नाय. नि नाय फाटलं तर..." तिनं काकूंकडे बोट केलं, "तू सगळ्यांसमोर बोलायचं, या बाईचं दूध चांगलं होतं म्हणून. गल्लीत. मोठ्यानं."

स्टोव्ह मीच आणला. पंप मारला, पेटवला. सगळी गल्ली त्या पातेल्याकडे बघत होती. दूध गरम झालं, कडेला बुडबुडे आले, साय वर सरकली आणि दूध फुगून वर आलं. फाटलं नाही. एक कण सुटला नाही. दूधवालीनं स्टोव्ह बारीक केला, बशीत ओतलं, फुंकलं आणि प्यायली. तोंड वाकडं केलं खरं. "सुकटीचा चहा," ती म्हणाली. "पण दूध माझं ताजं हाय."

तिथे संपायला हवं होतं. पण मामा उठला.

त्याला काय टोचतंय ते चेहऱ्यावर दिसत होतं. दुधाच्या बाबतीत त्याचं नाक चुकलं नव्हतं, आंबूस नाही हे तो खरंच बोलला होता. पण आता सगळे भातच म्हणणार होते, आणि तो भात त्यानं स्वतः वास घेऊन पास केला होता. त्याला ते पचणार नव्हतं. "भाताला काय नव्हतं," तो म्हणाला. "माझ्या नाकातनं आंबलेला भात गेला नाय कधी. आण गो, उरलाय तो."

फोडणीचा भात ताटलीत झाकून ठेवलेला होता, मामाच्याच दुपारच्या जेवणासाठी. काकूंनी आणला.

"मामा, खाऊ नका," मी म्हणालो. या वेळी माझ्याच आवाजात. "खरंच सांगतो. वास येत नाय तरी असतं."

"तू गप. नकल्या." त्यानं ताटली तिरकी केली, डोळे मिटले, एक नाकपुडी वर, एक खाली. बराच वेळ. मी आयुष्यात पहिल्यांदा ते बघून हसलो नाही.

"बरं हाय," मामा म्हणाला आणि खायला बसला. शेवटच्या शितापर्यंत. ताटली उलटी करून दाखवली. काकू टाळी वाजवायच्याच बाकी होत्या. "बघा! बघा! खाल्ला ना? काय झालं? काय झालं का?"

दूधवाली म्हणाली, "आता बसते मी. घाई नाय मला." आणि खरंच ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली. मधे उठून घरोघर दूध घालून आली. ज्यांनी मघाशी बंद करतो म्हटलं होतं त्यांनीही भांडी पुढे केली, खाली मान घालून. परत येऊन बसली. काकू आतबाहेर करत होत्या आणि प्रत्येक फेरीला भांडी आपटत होत्या. "बस, बस. रात काढ इथं. गोधडी आणून देऊ?"

"आण गो. सुकटीचा वास नसलेली आण."

दिवेलागणीला मामा खांबापासून उठला, दोन पावलं चालला आणि मागच्या गटारापर्यंत पोचलाच नाही.

मला ते आवाज अजून आठवतात, पण त्याची नक्कल मी केली नाही. पोरांनी मागितली होती. वेल्डरनं तर पैज लावली. नाही केली. मीठ-साखरेचं पाणी केलं आणि नेऊन दिलं. मामानं पेला हातात घेतला, आधी वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं आणि प्यायला.

दूधवाली उभी राहिली. मापं वाजली. "बोल आता," ती काकूंना म्हणाली. "गल्ली ऐकतेय."

काकू दारात उभ्या. सगळ्या दारांत दिवे होते आणि सगळ्या दारांत माणसं. काकूंनी दातओठ खाल्ले. "दूध बरं होतं," त्या म्हणाल्या. आणि लगेच, त्याच श्वासात, "पण भातही बरा होता. नजर लागली आज घराला. कुणाची ते सगळ्यांना म्हायत हाय."

दूधवालीनं कॅन डोक्यावर घेतला. "बरं," ती म्हणाली. "बरं हाय तर बरं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. पहिल्या घरी घातलं, दुसऱ्या घरी घातलं. मेसच्या ओट्यावर पातेलं ठेवलेलं होतं, या वेळी झाकण लावून, कुणी ठेवलं देव जाणे. ती थांबली नाही. पुढच्या दारात गेली, "दूध!" म्हणून हाक मारली आणि मेसवरून असं बघून गेली जणू तिथे भिंतच होती. काकू आतून ओरडल्या, "जा, जा! तुझ्यावाचून चूल बंद पडते काय!" त्या दिवशी चहा काळा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. गल्लीत बाकी सगळ्यांचा रतीब चालू राहिला, एक घरही सुटलं नाही. काकूंना तिची हाक सकाळ-दुपार दोनदा कानांनी ऐकावी लागायची.

गोणपाट मात्र गेलं. उरलेला भात शेजारणीच्या बकऱ्यांना जायला लागला आणि नाश्त्याला पोहे. विचारलं तर काकू म्हणायच्या, "पोरांना पोहे आवडतात."

मला महिन्याभरात मेसमधून काढलं. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी खोलीवरच स्टोव्ह घेतला, लागेल तेवढाच भात लावायला शिकलो. दूध दूधवालीकडून घ्यायचो. ती माप ओतताना म्हणायची, "झाकण ठेव रं. नि सुकट लांब ठेव, नायतर तू पण मला शिव्या घालशील."

मेसमध्ये काकूंनी शेवटी दुधाच्या पावडरचा डबा आणला. जित्याचा अजून तिथेच जेवायचा, तो येऊन सांगायचा. रोज सकाळी मामा डबा हातात घेतो, लुंगीला हात पुसतो, झाकण तिरकं करतो, डोळे मिटतो आणि कोरड्या पावडरचा वास छातीभर ओढून घेतो. मग शिंकतो. मग म्हणतो, "बरं हाय."